बाई, वेळापत्रक करून द्या

2024 च्या दिवाळीची सुट्टी संपत आली होती, तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. साताऱ्याच्या शाळेत ती माझ्याकडे तिसरी-चौथीत होती, आता डोंबिवलीला असते. मेसेज एवढाच होता: "बाई, मुलासाठी रोजचं टाइमटेबल करून द्या ना. अभ्यास, जेवण, झोप सगळं बसलं पाहिजे. शाळा सुरू व्हायच्या आत पाठवा."

तेवीस वर्षं प्राथमिकला शिकवते आहे, त्यामुळे अशी वेळापत्रकं मला पाठ आहेत. कागद घेतला, सहाला उठणे, सात ते साडेआठ अभ्यास, दुपारी एक ते दोन जेवण आणि विश्रांती, पाच ते सहा खेळ, असं लिहिलं आणि फोटो काढून पाठवला. दहा मिनिटांत फोन आला. "बाई, एक वाजता तो शाळेत असतो."

त्या एका वाक्याने माझा कागद वाया गेला. तिच्या मेसेजमध्ये मुलाचं वय नव्हतं, इयत्ता नव्हती, शाळा सकाळची की दुपारची ते नव्हतं, शिकवणी आहे की नाही तेही नव्हतं. आणि तिने मागितलेल्या यादीत अभ्यास, जेवण, झोप होती, खेळ नव्हता. मीही काही न विचारता लिहायला बसले होते. मुलगा चार वर्षांचा असता तर त्याला दुपारची झोप ठेवावी लागली असती, चौदाचा असता तर रात्रीचा हिशोब वेगळा झाला असता. वय आणि शाळेची वेळ कळल्याशिवाय लिहिलेलं वेळापत्रक कुणाच्याच मुलाचं नसतं.

मग तिला फोनवर एकेक विचारत गेले. मुलगा डिसेंबरात दहा पूर्ण करणार, पाचवीत. शाळा दुपारच्या सत्राची, साडेबारा ते पावणेसहा. व्हॅन पावणेबाराला बिल्डिंगच्या फाटकावर येते आणि संध्याकाळी साडेसहाला परत सोडते. व्हॅन सगळ्या मुलांना घेत-सोडत जाते, म्हणून शाळा तीन किलोमीटरवर असूनही पाऊण तास लागतो. शिकवणी सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात ते साडेआठ, शेजारच्या सोसायटीत. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा आहे म्हणून ती लावलेली.

इयत्ता आणि सत्र हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात, हे इथे सांगते. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असं शाळांना कळवलं. पुरेशी झोप मिळत नाही म्हणून हा निर्णय होता. पण पाचवीपासून पुढे तो लागू नाही, आणि दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांत पाचवी कधी सकाळी असते, कधी दुपारी. त्यामुळे नुसतं "पाचवीत आहे" यावरून मूल किती वाजता घराबाहेर पडतं ते कळत नाही.

"खेळायला कधी जातो?" हे मी शेवटी विचारलं. ती थोडी थांबली. "शाळेत मधली सुट्टी असते ना, बाई. पीटीचे दोन तास पण असतात." मधली सुट्टी वीस मिनिटांची, त्यात डबा. आणि पीटीचे तास गणिताला दिले जातात, हे मुलानेच मागून ओरडून सांगितलं.

वेळापत्रक लगेच करायचं नाही असं मी ठरवलं. तिला सांगितलं, एक आठवडा शंभर पानी वहीत नुसतं लिहून ठेव. किती वाजता काय झालं, जसं झालं तसं. चांगलं दिसावं म्हणून काही बदलायचं नाही. शाळा सुरू झाल्यावर तिने सोमवार ते रविवार लिहिलं आणि पानांचे फोटो पाठवले.

गुरुवारचं पान मी अजून फोनमध्ये ठेवलं आहे. "8.00 उठवलं. 8.20 परत उठवलं. 8.35 उठला. दूध, कार्टून. 9.40 अंघोळ. 10.00 शाळेचा गृहपाठ. 10.35 शिकवणीचा गृहपाठ, रडला. 11.15 जेवण. 11.45 व्हॅन." मग खाली संध्याकाळ: "6.30 आला. पोहे. 7.00 शिकवणी. 8.40 मोबाइल. 9.45 बाबा आले. 10.00 जेवण. 11.15 झोप." पानाच्या तळाला तिने छोट्या अक्षरात लिहिलं होतं, "व्हॅनमध्ये झोपतो असं ड्रायव्हर काका म्हणाले."

या पानावरून मी हिशोब मांडला. रात्री सव्वाअकरा ते सकाळी आठची पहिली हाक म्हणजे पावणेनऊ तास झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलं आहे. म्हणजे हा मुलगा खालच्या मर्यादेच्याही किंचित खाली होता. पाव तासाने काय होतं असं वाटेल, पण दोनदा उठवावं लागणं आणि दुपारी बाराला व्हॅनमध्ये डोळा लागणं, ही दोन्ही लक्षणं सांगत होती की या मुलाला नऊहून जास्त लागतात. पुरेसं झोपलेलं मूल हाक मारायच्या आसपास स्वतःच चुळबुळ करायला लागतं. वर्गातही मला हे कळतं: पहिल्या तासाला जे बाकावर डोकं टेकतं, त्याची झोप आधी विचारायची, अभ्यास नंतर.

साडेनऊ तास झोप धरली तर साडेचौदा तास उरतात. शाळा आणि व्हॅन मिळून पावणेसात तास. जेवण, नाश्ता, अंघोळ, दप्तर, जाणं-येणं यांना अडीच तास, घाई न करता. शिकवणीला येणंजाणं धरून पावणेदोन. दोन्ही गृहपाठ मिळून सव्वा तास. सगळं वजा केल्यावर सव्वादोन तास उरतात. म्हणजे वेळ होता. पण तो सकाळी कार्टूनमध्ये आणि रात्री बाबांची वाट बघत मोबाइलमध्ये जात होता. मुलाचा यात दोष नाही. त्या दोन्ही वेळांना त्याच्यासमोर दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं.

आता खेळ कुठे बसवायचा हा खरा प्रश्न होता. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान 60 मिनिटं धाप लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे सगळी वेळापत्रकं खेळ संध्याकाळी घालतात, कारण ती सकाळच्या शाळेसाठी बनलेली असतात. या मुलाची व्हॅन साडेसहाला येते. डिसेंबरात डोंबिवलीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेसहाला अंधार, खाली पार्किंगमध्ये परतणाऱ्या गाड्या. त्या वेळी मुलाला खाली पाठवायला कुठलीही आई घाबरेल. म्हणून खेळ सकाळी, सव्वाआठ ते सव्वानऊ, एवढा एकच उजेडाचा तुकडा हाताशी होता.

हे सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "बाई, सकाळी डोकं ताजं असतं. ती वेळ खेळात घालवायची?"

हे मी पालकसभेत शंभरदा ऐकलेलं आहे, आणि त्यात तथ्य नाही असंही नाही. पण तिच्याच वहीत त्याचं उत्तर होतं. सकाळी साडेआठ ते दहा ताजं डोकं कार्टूनला जात होतं आणि अभ्यास दहानंतर सुरू होत होता. मी अभ्यासाची वेळ हलवली नाहीच. गृहपाठ पावणेदहा ते पावणेअकरा ठेवला, खेळ त्याच्या आधी घातला आणि टीव्ही काढला. तासभर पळून, अंघोळ करून बसलेलं मूल पाऊण तास नीट बसतं, हे मी वर्गात पीटीनंतरच्या तासाला वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे. पहिली पाच मिनिटं गोंगाट असतो, मग हात चालतात.

दुसरी गाठ गृहपाठाची होती. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सुचवला आहे. या मुलाला रोज सव्वा तास होता, म्हणजे पाच दिवसांतच सहा तासांच्या वर. मी वह्यांचे फोटो मागवले. शाळेने अपूर्णांकाची दहा गणितं दिली होती आणि शिकवणीनेही त्याच दिवशी त्याच प्रकारची बारा. तेच काम दोनदा. म्हणून तिला म्हटलं, सरांना जाऊन भेट. भांडायला नको, वही दाखवायला जा. शिकवणी आठवड्यातून तीन दिवस, सात ते आठ, आणि शाळेचा गृहपाठ तिथेच करून घ्यायचा, नवीन घरी द्यायचा नाही, एवढंच विचार. सर सुरुवातीला तयार नव्हते. फी तीच ठेवतो म्हटल्यावर तयार झाले. हे मला पटलं नाही, पण तिला पटलं, आणि फी तिची होती.

तिसरी गाठ मला दिसलीच नव्हती. झोप पावणेदहाला हवी, म्हणून जेवण मी साडेआठला लिहिलं. तिने विचारलं, "मग बाबाची भेट कधी होणार त्याची?" तिचा नवरा फोर्टला नोकरीला, लोकलने पावणेदहाला घरी पोहोचतो. रात्रीचं उशिराचं जेवण हा बाप-लेकाचा दिवसातला एकमेव वेळ होता. वहीत मी त्याला उशीर म्हणून मोजलं होतं. सकाळी तो किती वाजता निघतो ते विचारलं. आठ दहाला. म्हणजे मुलगा सव्वासातला उठला तर साडेसात ते आठ दोघांना एकत्र नाश्ता मिळत होता, आणि खाली जाताना बाबांबरोबरच जिना उतरता येत होता. लवकर उठायचं कारण मुलाला पटेल असं हे एकच होतं. ताजं डोकं वगैरे दहा वर्षांच्या मुलाला पटत नाही.

असा कागद तयार झाला. सव्वासातला उठणं, बाबांबरोबर नाश्ता, सव्वाआठला खाली, सव्वानऊला वर, अंघोळ, पावणेदहापासून गृहपाठ, सव्वाअकराला जेवण, पावणेबाराला व्हॅन. संध्याकाळी साडेसहाला खाणं, सोम-बुध-शुक्र शिकवणी, मंगळवार-गुरुवारची संध्याकाळ रिकामी, साडेआठला जेवण, पावणेदहाला अंथरूण. रविवार मी लिहिलाच नाही.

पहिल्याच आठवड्यात दोन ठिकाणी हे मोडलं.

रात्री पावणेदहाला आडवा केलेला मुलगा अकरापर्यंत जागाच राहिला. महिनोन्महिने सव्वाअकराला झोपणाऱ्या शरीराला एका रात्रीत दीड तास मागे आणता येत नाही. ही माझी चूक होती, मी टप्पे द्यायला हवे होते. मग दोन्हीकडून हळूहळू सरकवलं: उठणं आणि झोपणं दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. दीड तासाचे सहा टप्पे, म्हणजे साधारण तीन आठवडे. आधी उठायची वेळ ओढायची, झोपेची वेळ मागोमाग येते. झोपण्याआधीचा तास मोबाइल बंद. आणि रविवारी सकाळी लोळायची मुभा असली तरी फार तर तासभर, नाहीतर सोमवारी परत पहिल्या टप्प्यावर.

दुसरं मोडलं ते खेळाचं, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटलं. मुलगा बॉल घेऊन सव्वाआठला खाली गेला, फाटकापाशी दहा मिनिटं उभा राहिला आणि वर आला. त्याचे बिल्डिंगमधले मित्र सकाळच्या शाळेत. मी कागदावर तास दिला होता, सवंगडी दिला नव्हता. एकट्याने तासभर खेळणं हे दहा वर्षांच्या मुलाला शिक्षेसारखं असतं.

यावर उपाय तिलाच सुचला. दुपारच्या सत्रातली मुलं कोण? व्हॅनमधली. व्हॅनच्या पालकांचा मोबाइलवर ग्रुप होताच, त्यात तिने विचारलं. त्यांच्याच सोसायटीच्या मागच्या विंगमध्ये सहावीतला एक, समोरच्या बिल्डिंगमध्ये चौथीतल्या जुळ्या बहिणी. चौघं रोज पाऊण तास एकाच गाडीत बसत होती आणि सकाळी आपापल्या घरात कार्टून बघत होती.

जानेवारीत ठाण्याला लग्न होतं, त्या निमित्ताने मी डोंबिवलीला एक रात्र राहिले. सकाळी सव्वाआठला तिच्याबरोबर खाली गेले. पार्किंगमधल्या बहुतेक गाड्या निघून गेलेल्या, जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांचे रिकामे चौकोन. तीन विटांचा स्टंप. जुळ्यांपैकी एक बॉलिंग टाकत होती, दुसरी वॉचमन काकांच्या खुर्चीमागे फिल्डिंगला. पाण्याच्या टाकीला बॉल लागला की दोन धावा, भिंतीवरून पलीकडे गेला की आउट. नियमावरून भांडण झालं, सहावीतला रुसून जिन्यात बसला, तीन मिनिटांनी परत आला. माझ्या विद्यार्थिनीचा मुलगा घामाने भिजला होता, शर्टाच्या कॉलरला काळी रेघ. सव्वानऊला कुणी हाक मारायच्या आधी जुळ्यांच्या आजोबांनी घड्याळ दाखवलं आणि सगळी पांगली. घरी आल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, तुम्हीच ते टाइमटेबल केलं ना? माझं नाव उद्या पहिल्या बॅटिंगला आहे." फ्रिजवर कागद चिकटवलेला होता. माझ्या अक्षरातल्या "8.15 खेळ" या ओळीपुढे त्याने पेन्सिलने विटांचे तीन स्टंप काढले होते.

त्या कागदाखालची वही तिने जपून ठेवली होती, पण रोज लिहिणं बंद केलं होतं. तेही बरोबरच. नोंद आठवडाभर पुरते. त्यापुढे ती मुलावर पहारा होते. मी तिला फक्त तीन गोष्टींवर नजर ठेवायला सांगितलं होतं: किती हाकांत उठतो, व्हॅनमध्ये झोपतो का, आणि गृहपाठाला रडतो का. आता एका हाकेत उठत होता. ड्रायव्हर काका म्हणाले, हल्ली फार बडबड करतो.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. शिष्यवृत्तीच्या आधीच्या तीन आठवड्यांत सरांनी पाचही दिवस दीड तास बोलावलं आणि ती नाही म्हणू शकली नाही. मीही तिला नाही म्हण असं सांगितलं नाही. एक गोष्ट मागितली, की जे जाईल ते मंगळवार-गुरुवारच्या रिकाम्या संध्याकाळीतून जाऊ दे, सकाळच्या तासातून आणि झोपेतून नको. ते तिने पाळलं. परीक्षेच्या दिवशी सकाळीही मुलं अर्धा तास खाली खेळली, असं तिने कळवलं.

एप्रिलच्या शेवटी निकाल लागून सुट्टी लागली आणि कागद फ्रिजवरून उतरला. जूनमध्ये तिचा पुन्हा मेसेज आला. या वेळी तो असा होता: "बाई, साडेदहा वर्षांचा, सहावी. शाळा आता सकाळची, 7 ते 12.20. व्हॅन 6.20 ला, परत 1.05. शिकवणी नाही लावली अजून. खेळ संध्याकाळी 5.30 ते 7, चौघं ठरवून बसलेत, तेवढं धरून पुढचं सांगा."

मी तिला फोन केला आणि आम्ही झोपेपासून सुरुवात केली. व्हॅन सहा-वीसला म्हणजे उठायचं पाच-चाळीसला. नऊ तास मागे गेलं तर रात्री आठ-चाळीस. बाबा पावणेदहाला येतात, आणि सकाळी निघतात तेव्हा हा शाळेत. नाश्त्याची वेळ गेली. आम्ही दोघी बराच वेळ फोनवर गप्प होतो. मग ती म्हणाली, शनिवारी त्यांना अर्धा दिवस असतो, आधी ते लिहून घ्या.